सुई देणार नाही

सिल्वासाच्या त्या लहान रुग्णालयात मी थिएटर सिस्टर होते, तेव्हा एका सर्जनवर माझा राग होता. होता कसला, अजून आहे. माणूस निवृत्त झाला, मीही झाले, पण राग काही निवृत्त झाला नाही.

आमच्या थिएटरची रीत साधी होती. चिरा देण्याआधी मी ट्रॉलीवरची हत्यारं, सुया आणि मॉप मोठ्याने मोजायचे. मॉप म्हणजे पोटातलं रक्त टिपायचे जाड कापडी तुकडे, कोपऱ्याला नाडी लावलेले. टेबलापासून बाजूला उभी असलेली, म्हणजे आमच्या भाषेत 'खालची' सिस्टर, आकडा मोजणीच्या कागदावर लिहायची. पोट शिवण्याआधी पुन्हा तीच मोजणी. जुळली की मगच शिवायची सुई.

एकदा खडोलीतल्या एका कामगाराच्या बायकोचं सिझेरियन झालं. धुळ्याकडची बाई, पहिलंच बाळंतपण. कमरेतून इंजेक्शन दिलं होतं, म्हणून पडद्यापलीकडे ती टक्क जागी. शेवटच्या मोजणीत एक मॉप कमी भरला. मी सांगितलं.

"बाळाबरोबर गेला असेल," सर्जन म्हणाला.

तसं होतही असे. बाळाचं तोंड मॉपने पुसायचं आणि तो मॉप तसाच बाळासोबत आयाच्या हातात जायचा. मी म्हटलं, "सर, मग आणून बघू या." त्याला दुपारी दमणला जायची घाई. त्याने माझ्या ट्रॉलीवरची सुई स्वतः उचलली आणि शिवायला घेतलं. खालची सिस्टर म्हणजे नवी पोर होती, नोकरीला लागून महिना झाला नव्हता. तिला म्हणाला, "पूर्ण लिही." तिने लिहिलं.

मॉप पोटातच होता. काही आठवड्यांनी बाई तापाने फणफणली, पोटात पू झाला, वापीला नेऊन पुन्हा पोट उघडावं लागलं. नवरा जाब विचारायला आला, तेव्हा सर्जनने माझ्याकडे बोट दाखवलं. "मोजणी सिस्टरची असते." कागदावर तर मोजणी पूर्ण! तो गरीब माणूस व्हरांड्यात सगळ्यांसमोर मला म्हणाला, "बाई, तुमचं कधी भलं होनार नही." मी तोंड उघडलं, पण ऐकतंय कोण? माझी रवानगी ड्रेसिंगच्या खोलीत झाली. मी जखमा पुसत होते आणि मनात एकच घोकत होते, तुला सोडणार नाही.

थिएटरमध्ये दुसरी कुणी टिकेना, म्हणून मला परत बोलावलं. दोन-तीन वर्षं गेली असतील. एका सकाळी तीच बाई पुन्हा टेबलावर आली. नवरा आणायला तयार नव्हता, पण बाळ अडलं होतं आणि वापी गाठण्याइतका वेळ नव्हता. तीच कमरेतली सुई, तोच पडदा, तोच सर्जन. मुलगी झाली, छान रडली. आणि शेवटच्या मोजणीत एक मॉप कमी.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला.

"बाळाबरोबर गेला असेल," तो म्हणाला आणि हात पुढे केला.

या वेळी सुई मी माझ्या मुठीत धरली होती. "मॉप दिसल्याशिवाय सुई देणार नाही."

"सिस्टर, पेशंट उघडी आहे."

"म्हणूनच. तुम्ही आत बघा. आया बाहेर बघेल."

भूल देणारे डॉक्टर हळूच म्हणाले, "बघून घ्या ना, सर." मग त्याला वाकावंच लागलं. तो एकेक कोपरा चाचपत होता, टोपीखालून घाम गळत होता. मी त्याच्या कपाळाकडे बघत राहिले. घाम पुसायला कुणालाही सांगितलं नाही.

तेवढ्यात आया धावत आली. बाळाच्या दुपट्यात मॉप निघाला होता. म्हणजे या खेपेला त्याचंच खरं होतं! त्याची मान लगेच ताठ झाली. "झालं समाधान? उगाच तमाशा!"

माझा चेहरा पडला. इतकी वर्षं जपलेला सूड असा हातातून निसटला.

तेव्हा पडद्यापलीकडून बाईचा आवाज आला. क्षीण, पण स्वच्छ.

"मागला टाइमले बी डाक्टर आसंच बोलना व्हता, बाळसंगे गया म्हनीसन. सिस्टर नही म्हने, तरी शिवी टाकं. तवय माले समजनं नही, काय गया ते. आते समजनं."

म्हणजे मागच्या खेपेला मी अडवलं आणि तरी त्याने शिवलं, हे तिने पडद्याआडून ऐकलं होतं. खालची सिस्टर कागद हातात धरून उभी होती. तीच, तेव्हाची नवी पोर. ती रडायला लागली.

मी सुई सर्जनच्या हातावर ठेवली.

"सावकाश शिवा, सर," मी म्हटलं. "ती ऐकते आहे."