मागच्या गेटवरची पिन

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि टाके काढायला जायचं होतं. काशीगावच्या आमच्या कॉम्प्लेक्सला तीन गेट आहेत. मी घाईत नकाशावरची पिन न बघताच अ‍ॅपवरून गाडी बुक केली आणि आईला वॉकरवर हळूहळू मुख्य गेटपर्यंत आणलं.

ड्रायव्हरचा फोन आला, “मॅडम, मैं लोकेशन पे ही खड़ा हूँ.”

आमची विंग मागच्या रस्त्याला लागून आहे, म्हणून अ‍ॅपने पिन मागच्या गेटवर टाकली होती. त्या गेटला कायम कुलूप असतं. गाडीला हायवेवरून वळसा घ्यावा लागणार होता. आईला परत वर नेणं शक्य नव्हतं, आणि ट्रिप रद्द केली तर दुसरी गाडी मिळेलच असं नव्हतं.

“मला उभं राहवत नाही गं,” आई म्हणाली. मी तिला पाठीमागून धरून उभी राहिले. गाडी यायला वीस मिनिटं लागली.

पुढच्या खेपेला आई पलंगावरून उठेना. “आधी दाखव, कुठल्या गेटवर येतेय.” मी नकाशा मोठा करून पिन मुख्य गेटवर सरकवली. तरी ड्रायव्हरचा फोन येईपर्यंत ती उठली नाही.