बाटलीवरची पेन्सिलीची खूण

लतिका हिंदी मुलखातल्या तेलीबागेत ब्लाउज शिवायची. एकही टाका ती अंदाजानं घालत नसे. नवऱ्याविषयीचा संशयही तिनं अंदाजावर सोडला नाही.

नवरा हणमंत एका गॅरेजात फिटर. दर रविवारी दिवेलागणीला त्याच्याच गॅरेजातला विष्णू यायचा आणि रम निघायची. दुसऱ्या पेगनंतर हणमंतचा आवाज चढायचा, थाळी भिरकावली जायची. सकाळी तो मान खाली घालून म्हणायचा, काल जास्त झाली. चौऱ्याण्णवच्या फेब्रुवारीत थाळी आठ वर्षांच्या शर्वरीच्या कोपराला लागली. तेव्हा लतिकानं मनाशी ठरवलं, दोष रमचा असेल तर रम बंद करायची. माणसाचा असेल तर पोरीला घेऊन शहरापलीकडे बख्शी का तालाबला शरदकडे, भावाकडे, जायचं.

पण दोष कुणाचा, हे कळायचं कसं?

पुढच्या आठवड्यात सरोजिनी नगरला थोरल्या दिरांकडे जेवण होतं. लक्ष्मीकांतदादा फौजेतून निवृत्त. त्यांनी स्वतःच्या हातानं हणमंतला तीन पेग भरून दिले. हणमंत ताठ बसून 'हो दादा, नाही दादा' करत राहिला. आवाज नाही की शिवी नाही. निघताना मात्र स्कूटरची किल्ली दोनदा हातातून पडली आणि फाटकाशी त्याचा तोल गेला. स्कूटर तिथेच ठेवून दोघं सवाऱ्यांच्या टेम्पोनं परतली.

लतिकाचं डोकं तिथे अडकलं. तीन पेगनी हात-पाय ढिले पडले, पण जीभ ताब्यात राहिली. घरी दोनच पेगमध्ये जीभ सुटते. समोर कोण बसलंय हे रमला कसं कळतं? थाळ्यांचंही तिनं आठवून पाहिलं. भिरकावली ती दर वेळी स्टीलची. शेजारचा काचेचा ग्लास कधीच नाही.

नंतरच्या रविवारी तिनं बाटलीवर, रमच्या पातळीशी, पेन्सिलीनं बारीक खूण केली. बाटली दोघांसमोर ठेवली आणि पेग मीच भरते म्हणून पुन्हा आत नेली. ग्लासात कोला, बर्फ, लिंबू. बोट रममध्ये बुडवून काठाला आतून फिरवलं, वर चार थेंब सोडले. वास पक्का आला. दोघांनाही तेच दिलं.

"वहिनींचा हात आज सढळ आहे," पहिला घोट घेऊन विष्णू म्हणाला. मग हणमंतच्या पाठीवर थाप. "आता बघा, आमचा वाघ जागा होतो."

दुसऱ्या ग्लासाला वाघ जागा झाला. हणमंतचा चेहरा लाल, डोळे जड. लतिकाच्या माहेराचा उद्धार सुरू झाला. विष्णू मांडीवर हात आपटून हसत होता. थाळी भिंतीवर गेली. पडद्याआडून शर्वरीनं विचारलं, "मम्मी, पापा को चढ़ गई?"

लतिकानं शिलाई मशिनची बॉबिन केस, खालच्या दोऱ्याची डबी, आणून त्याच्यापुढे धरली. तिचा सुटा काढलेला स्क्रू तिळाएवढा. मागे एकदा खऱ्या दोन पेगनंतर तो बसवताना हणमंतनं तीनदा पाडला होता, शेवटी तिला चुंबकानं शोधावा लागला होता. आज शिव्या देत देतच त्यानं तो चिमटीत धरला आणि पहिल्या फटक्यात बसवला. हात तसूभर हलला नाही.

सकाळी तो म्हणाला, "काल जरा जास्त झाली, लते."

तिनं बाटली पुढे ठेवली. रम खुणेखाली केसभर उतरली होती. काय दिलं होतं तेही तिनं सांगितलं.

त्यानं खुणेवरून अंगठा फिरवला. "मग मला चढली कशी? डोकं खरंच गरगरत होतं. मी नाटक नाही केलं गं."

त्यावर मात्र तिचा विश्वास बसला. रविवार, बाटलीचा वास, विष्णूची थाप. एवढं जमलं की आपण वाघ होणार, ही त्याची खात्रीच होती आणि अंगानं ती पाळली. दादांकडे ती खात्री नव्हती, दादांचा धाक होता. रमनं तिथे हात ढिले केले, तेवढंच तिचं काम. पण खात्री त्याची होती. थाळी त्याच्याच हातातली होती.

हणमंत बाटली उचलून मोरीकडे निघाला.

"ओतू नका," ती म्हणाली. "तिनं काही केलेलं नाही."

तिनं शर्वरीचे कपडे आणि दप्तर पिशवीत भरलं. मशिनवर आच्छादन घातलं. दाराशी थांबून म्हणाली, "दादांकडे तीन पेग घेऊन जसे बसला होता, तसं या घरात बसता येईल अशी तुमची खात्री झाली, की न्यायला या. विष्णूभावजींना घेऊन येऊ नका."

बख्शी का तालाबला जायला टेम्पो दोनदा बदलावा लागायचा. ती वेळेवर निघाली.