पुसलेली बरोबर उत्तरं

कॅमेऱ्यात तो पोरगा सारखा मांडीकडे बघताना दिसला आणि मी खुर्चीतून उठलोच. घरून द्यायची ऑनलाइन चाचणी होती. गणितं सगळ्यांना तीच, पण आकडे प्रत्येकाला वेगळे, आणि हे मुलांना ठाऊक नव्हतं. तरीही या पठ्ठ्याची पाचही उत्तरं सकाळच्या तुकडीतल्या आमच्या सगळ्यात हुशार मुलाशी तंतोतंत जुळत होती. सापडला! मला कोण आनंद झाला.

कॉलेजच्या चौकशी समितीपुढे तो बेलापूरहून वडिलांना घेऊन आला. मोबाईलवर त्याच हुशार मित्राकडून उत्तरं मागवल्याचं त्यानं लगेच कबूल केलं. तरी मी तावातावानं चाचणीत त्यानं काय लिहिलं, काय पुसलं याची नोंद पडद्यावर उघडली, आणि बघतच राहिलो. पाचही ठिकाणी त्यानं आधी स्वतःचं उत्तर लिहिलं होतं. पाचही बरोबर! मग ते पुसून मित्राचं टाकलं होतं.

“अरे गाढवा, तुला येत होतं की!” मी ओरडलोच.

“सर, तो कधी चुकत नाही. मला वाटलं, माझंच चुकलं.”

समितीनं निर्णय दिला: चाचणीत शून्य, फेरपरीक्षा नाही, आणि पुन्हा सापडला तर विषयच नापास. पुसलेल्या उत्तरांना गुण नसतात, हे मी वडिलांना चाचरत समजावू लागलो.

त्यांनी मला हातानंच थांबवलं आणि पोराकडे वळले.

“सरांनी तुला आज शून्य दिलं. तू सोताला कवाच दिलं हुतंस.”