नेत्यांच्या मागे उभा माणूस

लग्नांच्या फोटोंनी हार्ड डिस्क पुन्हा भरली, तेव्हा नेहमीच्या नियमाने छाटणीला बसलो. अल्बममध्ये गेलेल्या फोटोंच्या रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेलं सगळं जपणाऱ्या जड फाइल्स, दोन डिस्कवर ठेवायच्या. बाकीच्यांचे हलके जेपीईजी करून रॉ उडवायच्या; काळोखातला तपशील त्यात जातो, पण जागा वाचते. घाटकोपरच्या एका लग्नात स्थानिक नेते आशीर्वाद द्यायला आले होते. आशीर्वाद दहा सेकंदांचा, फोटो साठ. ते सगळे रूपांतराला लावले आणि चहा टाकला.

चहा उकळत असताना त्याच नवरीचा फोन आला. तिचे बाबा गेल्या आठवड्यात वारले होते.

"दादा, अल्बममध्ये बाबा कुठेच नाहीत हो. दिवसभर पाहुण्यांच्याच मागे होते. एखादा तरी शोधा ना."

ते सापडले नेत्यांच्या मागे, स्टेजच्या कडेला. मी उजेड नेत्यांच्या पांढऱ्याशुभ्र कुर्त्याला जुळवला होता, त्यामुळे बाबा काळोखात गेले होते. घाईघाईने रूपांतर थांबवलं. जेपीईजीत त्यांचा चेहरा उजळायला गेलो, तर नुसते करडे डाग. रॉ चारच उरल्या होत्या. त्यातल्या एकीत काळोख हळूहळू उघडला आणि चेहरा दिसला, पण डोळे मिटलेले.

नेत्यांना कापून फोटो पाठवला आणि डोळ्यांबद्दल माफी मागितली.

"असू द्या," ती म्हणाली. "लग्नाच्या धावपळीत तीन रात्री जागे होते. उभ्याउभ्याच डुलकी लागली असेल."

ती फाइल दोन्ही डिस्कवर ठेवली. उरलेल्या तीन उडवायला मात्र हात धजला नाही, आणि डिस्क अजून भरलेलीच आहे.