पिक्रेटचा आकडा आणि आवरलेलं सलाइन

पिक्रेटच्या चुकीतून त्या मुलीला मी वाचवलं, असं नागपुरातले माझे जुने सहकारी अजून सांगतात. इतकी वर्षं मी ते ऐकून घेतलं. ते खरं नाही.

ऐंशीच्या दशकात मी एका रुग्णालयाच्या बायोकेमिस्ट्री प्रयोगशाळेत होतो. खापरखेड्याच्या वसाहतीतली एक तरुण मुलगी आणली होती. मधुमेह बळावून ग्लानीत गेलेली, अंग सुकलेलं, लघवी जेमतेम. तिचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी बाहेर टाकायचा रक्तातला कचरा, आम्ही नेहमीसारखं अल्कलाइन पिक्रेट या रसायनाने मोजलं; रंग जितका गडद, तितकं ते जास्त. नारिंगी रंग गडद चढला, एकच्या आसपास हवा तो आकडा आला तीन पूर्णांक आठ. मूत्रपिंडं गेली असं समजून वॉर्डातल्या डॉक्टरांनी सलाइन आवरतं घेतलं. खरं तर तिला तेच भरपूर हवं होतं.

माझ्या बरोबरीने काम करणाऱ्या बाईंना आकडा पटेना. "युरिया इतकासाच, अन् क्रिएटिनिन एवढं? मूत्रपिंडं गेली असती तर दोन्ही चढले असते."

मी ठाम होतो. काविळीच्या रक्तात पिक्रेटचा आकडा खोटा कमी आलेला मी नुकताच पाहिला होता. म्हणालो, "पिक्रेट चुकलं तर खालीच चुकतं. वर आलं म्हणजे खरंच."

"काहून भाऊ, तुम्हाले सगळीकडं कावीळच दिसून राहिली का?" बाई हसल्या. "काविळीचं बिलिरुबिन आकडा खाली ओढते. पण हिच्या रक्तात मधुमेहानं साचलेले कीटोन आहेत. त्यांनीच रंग चढवला असंल तर?"

त्यांनी एका निरोगी माणसाचं सीरम दोन नळ्यांत घेतलं, एकीत अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट हे कीटोन घातलं आणि दोन्हींत पिक्रेट टाकलं. क्रिएटिनिन दोन्हींत तेवढंच, पण कीटोनवाली नळी आमच्या डोळ्यांदेखत गडद झाली!

"फ्रीजमधलं ते एन्झाइमवालं किट काढा!" बाई ओरडल्या. कंपनीने नमुना म्हणून दिलेलं ते महाग किट कोणी उघडलं नव्हतं. त्यातली एन्झाइमं क्रिएटिनिनलाच धरतात, अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटकडे बघत नाहीत. काविळीच्या पिवळ्या सीरममध्ये तीही फसू शकतात, पण मुलीचं सीरम पिवळं नव्हतं. नळीत फिकट गुलाबी रंग आला. आकडा: एक पूर्णांक दोन.

मी कागद घेऊन जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत सुटलो. डॉक्टरांनी तो वाचला, सलाइनच्या नळीवरची चकती पूर्ण सैल सोडली आणि माझी पाठ थोपटली. "शाब्बास! कसं सुचलं तुम्हाला?"

मी नुसता हसलो. शंका बाईंची, प्रयोग बाईंचा, किटही त्यांनाच आठवलं. मी फक्त धावलो होतो, आणि त्याआधी त्या खोट्या आकड्याची वकिली केली होती.

तेवढ्यात बाई धापा टाकत वर आल्या. कोणी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्याही आमच्याकडे न पाहता थेट मुलीच्या आईजवळ गेल्या.

"लघवी झाली का वं तिले?"

संध्याकाळपर्यंत झाली. भरपूर झाली. ते सांगायला आई आमच्या प्रयोगशाळेत आली, आणि हात जोडले ते माझ्यापुढे.