पापण्या काढायच्या होत्या

राजुरीत मी ब्युटी पार्लर काढलं त्या दिवशी फुगे फुगवायचं काम धाकट्या बहिणीनं अंगावर घेतलं. पंधरा-वीस फुगे फुगवून होईस्तोवर तिचे ओठ भज्यासारखे टम्म झाले. डॉक्टर म्हणाले, हिला रबर सोसत नाही. पुढं वर्षभर मी तिला "फुगेवाली" म्हणून चिडवलं.

तिचं लग्न ठरलं तेव्हा मात्र माझं हसू आटलं. तेव्हा नव्या नवरीला नकली पापण्या हव्याच असायच्या, आणि त्या चिकटवायच्या गोंदात बऱ्याचदा लॅटेक्स असतं. लॅटेक्स म्हणजे त्याच रबराचा चीक. ओठांचं जे झालं ते डोळ्यांचं झालं तर? मी पुण्याला गेले. दुकानदार म्हणाला, "सगळे गोंद सारखेच, मॅडम." मी त्याच्या काउंटरवर एकेक डबी उलटून बारीक अक्षरं वाचत बसले, तो वैतागेपर्यंत. शेवटी लॅटेक्स नसलेली एक ट्यूब मिळाली. तरी माझा विश्वास बसेना. घरी येऊन तिच्या कानामागं थेंबभर लावला आणि दुसऱ्या दिवसापर्यंत दर तासाला कान उलटून पाहिला.

"आता कान उपटती का काय!" ती म्हणाली. पण ना खाज, ना लाली.

लग्नाच्या सकाळी तिला समोर बसवलं. नकली पापण्यांची पट्टी डोळ्यावर मापून बाहेरच्या टोकाकडून जराशी कापली, कडेला गोंदाची बारीक रेघ ओढली, तो किंचित चिकट होईपर्यंत थांबले आणि तिच्या पापण्यांच्या मुळाशी टेकवली. तिनं आरशात पाहिलं.

"ताई, काढायच्या कशा?"

"तू हात लावायचा नाही. मी पाठराखीण येतीय ना, मी काढीन." नवरीसोबत सासरी पहिल्या रात्री माहेरची कुणीतरी सोबतीला जाते, ती पाठराखीण. मीच जायचं, हे आमचं लहानपणापासून ठरलेलं.

आणि मी गेले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी माझी दुसरी नवरी होती. धंदा नवा, शब्द दिलेला, आणि जरा मिजासही होती मला. माझ्याऐवजी गाडीत चुलती बसली. मी खिडकीतून तेलाची बाटली आणि कापूस बहिणीच्या हातात कोंबला. "कापूस तेलात भिजवून मिटल्या डोळ्यावर धर. पट्टी आपोआप सुटली तरच काढ. ओढलीस तर तुझ्याही पापण्या मुळासकट येतील." तिनं मान हलवली. गाडी गेली. सासर पेठ गावचं, तासाभराच्या वाटेवर, पण त्या रात्री मला ते साता समुद्रापार वाटलं. घरात दोनच ताटं मांडायची सवय होती मला, एक तिचं, एक माझं. त्या रात्रीही दोन मांडली, आणि सकाळी परक्या नवरीच्या पापण्या लावायला गेले.

दोन दिवसांनी मांडवपरतणीला, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या माहेरफेरीला, ती आली. संध्याकाळी परत जायचं होतं, तिचा दीर जीप घेऊन अंगणातच थांबलेला. तिनं पदर मागं सारला आणि मी कपाळावर हात मारला. पट्ट्या तशाच! कडा सुटून लोंबलेल्या, डोळे लाल.

"अगं बये, आंधळी व्हायचंय का? बाटली दिली व्हती ना?"

"दिली व्हती."

"मग? चुलतीला न्हाई सांगायचं?"

"लई मागं लागली व्हती ती. मीच न्हाई म्हनलं. तू काढीन म्हनली व्हतीस."

मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली आणि मिठीही मारावीशी वाटली. दोन्ही केलं नाही. तिचं डोकं मांडीवर घेतलं, भिजवलेला कापूस दोन्ही डोळ्यांवर धरला, तेल आत उतरू नये म्हणून कडेला कोरडा बोळा ठेवला. बऱ्याच वेळानं गोंद विरघळला. बाहेरच्या कोपऱ्यापासून पट्टी हळूच सरकवली, अडली की थांबले, परत तेल लावलं. पहिली पट्टी सुटली, मग दुसरी. तिच्या स्वतःच्या पापण्यांतला एक केसही आला नाही.

अंगणात जीपचा हॉर्न वाजला.

मी कापूस पुन्हा तिच्या डोळ्यांवर ठेवला. "हलू नको. अजून चिकटल्यात."

ती हलली नाही. दुसरा हॉर्न वाजला, तिसरा वाजला. मग डोळे मिटलेलेच ठेवून ती हळू आवाजात म्हणाली, "ताई, कवाच्याच निघाल्यात. मला कळलंय. पन धर अजून जरा."