नवरीची सेटिंग

व्हिडिओवाल्याने आयुष्यभर एकच पुण्य केलं होतं: त्याच्या शूटिंगमध्ये एकही नवरी वाईट दिसली नाही. फोनमध्ये त्याने एक सेटिंग साठवली होती, नावच 'नवरी'. व्हाइट बॅलन्स खऱ्या उजेडापेक्षा पिवळसर, एक्स्पोजर थोडं चढतं, आणि शटर सेकंदाच्या एक पन्नासांशावर, म्हणजे हालचाल डोळ्याला दिसते तशीच दिसते आणि ट्यूबलाइटच्या पट्ट्या येत नाहीत. काळवंडलेला चेहराही त्यात लाली घेऊन उभा राही.

बायकोची फुप्फुसं बिघडली तेव्हा दूरच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दर सोमवारी एक मिनिटाचा व्हिडिओ पाठवा. श्वास आणि ओठांचा रंग मला दिसला पाहिजे. कधी भरती करायचं ते त्यावरून ठरवू." बोटाला लावून ऑक्सिजन मोजायचं यंत्र बंद पडलं होतं, म्हणून सगळी भिस्त व्हिडिओवर. तीन सोमवार त्याने फोन स्टँडवर लावून व्हिडिओ काढले, आणि तिन्ही वेळा उत्तर आलं, "रंग चांगला आहे. थांबू या."

तिला बाथरूमपर्यंत चालवेना, तरी तो स्वतःची समजूत घालत होता, व्हिडिओत तर बरी दिसते. चौथ्या सोमवारी दुपारी त्याची बहीण आली आणि दारातच थबकली.

"दादा, वहिनीचे ओठ जांभळे पडलेत! तुला दिसत नाही?"

त्याने धडपडत फोन उघडला. वर नाव होतं 'नवरी'. तिन्ही व्हिडिओ त्याच सेटिंगवर. बोटांच्या सवयीने घात केला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

"वहिनीच्या हनुवटीजवळ पांढरा कागद धर," तो बहिणीला म्हणाला. कागद पडद्यावर पिवळा दिसत होता. तो नुसता पांढरा दिसेपर्यंत त्याने व्हाइट बॅलन्सचा केल्विन आकडा खाली आणला आणि तिथेच लॉक केला. एक्स्पोजर उतरवून तेही लॉक केलं, नाहीतर फोन आपल्या मनाने चेहरा उजळवतो. शटरला हात लावला नाही. मग पडद्यावर जांभळे ओठ आले, आणि गळ्याखालचा खड्डा श्वासागणिक आत जाताना दिसला. त्याला रडू फुटलं. रेकॉर्डिंग मात्र त्याने पूर्ण मिनिटभर चालू ठेवलं.

"अहो, दाखवा," बायको म्हणाली. पाहिलं आणि म्हणाली, "हां, ही मी. पाठवा."

पाच मिनिटांत फोन आला. त्याने स्पीकर लावला. "ताबडतोब अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा आणि निघा, मी इथे सगळं तयार ठेवते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण मला सांगा, ओठ असे कधीपासून आहेत?"

बहिणीने आपल्या फोनवरून अ‍ॅम्ब्युलन्सला नंबर लावलाही. व्हिडिओवाला बायकोकडे वळला. महिनाभर तो बायकोला पडद्यातच बघत होता.

"तीन आठवडे झाले," पलंगावरून बायको धापा टाकत म्हणाली. "मला आरशात दिसत होतं. पण व्हिडिओ बघून हे इतके खूश व्हायचे, की मी बोललेच नाही."